एक्सेलमध्ये निवृत्ती निधीचा अंदाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरमहा बचत, अपेक्षित परतावा आणि उरलेली वर्षं या तीन गोष्टींवरून निवृत्तीच्या वेळी किती निधी जमेल, हे काढणारं शीट कसं बांधायचं, याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एकाच उदाहरणावर चालतात, त्यामुळे शीट उघडून सोबत करत गेलात तर तुमचे आकडे इथल्या आकड्यांशी ताडून पाहता येतील. सेलमध्ये आकडे टाइप करताना चौकटीत दिले आहेत तसेच टाइप करा.

१. सुरुवातीला शीटमध्ये नेमकं काय काय भरायचं?

सहा गोष्टी पुरतात. A कॉलममध्ये नाव आणि B कॉलममध्ये आकडा लिहा.

```
A2  आजची जमा            B2  0
A3  दरमहा बचत           B3  10000
A4  वार्षिक परतावा       B4  9%
A5  उरलेली वर्षं         B5  25
A6  महागाई             B6  5%
A7  बचतीतली वार्षिक वाढ   B7  5%
```

या सहा सेलना फिकट पिवळा रंग द्या आणि एक नियम पाळा: हाताने लिहिलेला आकडा फक्त पिवळ्या सेलमध्येच असेल. फॉर्म्युल्याच्या पोटात ९% किंवा २५ असा आकडा लिहून ठेवला, की पुढे गृहीतक बदलताना तो तिथेच राहून जातो. उत्तर चुकतं, पण शीट कसलीही तक्रार करत नाही. (याला अपवाद कधी करायचा, ते प्रश्न १० आणि ११ मध्ये आहे.)

२. एका फॉर्म्युल्यात उत्तर मिळतं का? माझं उत्तर उणे येतंय.

बचत शेवटपर्यंत तेवढीच राहणार असेल तर मिळतं. आधी मासिक दर काढायचा, मग `FV` वापरायचं.

```
B9   =(1+B4)^(1/12)-1
B10  =FV(B9,B5*12,-B3,-B2)
```

वरच्या उदाहरणात B10 मध्ये १,०५,७६,८५४ येतात. बचतीआधीचं उणे चिन्ह राहून गेलं की उत्तर उणे येतं. एक्सेल पैशाला दिशा मानतं: खिशातून जाणारा पैसा उणे, हातात येणारा अधिक. बचत आणि आजची जमा दोन्ही तुमच्याकडून बाहेर जातात, म्हणून दोन्हींआधी उणे हवं. त्यातल्या एकालाच उणे दिलं तर दोन रकमा एकमेकींतून वजा होतात आणि उत्तर अधिक चिन्हातलं पण चुकीचं येऊ शकतं. नुसतं उणे उत्तर डोळ्यांत भरतं, ही चूक मात्र सहज सुटून जाते.

फॉर्म्युला स्वीकारलाच जात नसेल तर तुमच्या संगणकाची प्रादेशिक सेटिंग बघा. काही सेटिंगमध्ये स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो.

३. मी वार्षिक दराला सरळ १२ ने भागतो. त्याने असा काय फरक पडणार?

या उदाहरणात ६,३४,००० हून जास्त. ९% भागिले १२ म्हणजे महिन्याला ०.७५%. पण महिन्याला ०.७५% चक्रवाढीने वाढणारी रक्कम वर्षाअखेर ९% नाही, तर सुमारे ९.३८% वाढलेली असते. म्हणजे तुम्ही नकळत अपेक्षित परतावा वाढवून घेता, आणि २५ वर्षांत निधी १,०५,७६,८५४ ऐवजी १,१२,११,२१९ दिसतो.

भागाकार चूक असतोच असं नाही. ठरलेला व्याजदर ‘वार्षिक ९%, दरमहा आकारणी’ असा सांगितलेला असेल, तर तिथे १२ ने भागणंच बरोबर. दीर्घकालीन गुंतवणुकीचा परतावा मात्र वर्षाअखेरची प्रत्यक्ष वाढ म्हणून सांगितला जातो, त्यामुळे इथे B9 मधलं बारावं मूळच हवं.

४. एक कोटीचा आकडा बघून बरं वाटतं, पण २५ वर्षांनी त्याची किंमत काय असेल?

माझ्या मते शीटमधला सर्वांत महत्त्वाचा सेल हाच, आणि बहुतेक शीटमध्ये नेमका हाच नसतो.

```
B11  =B10/(1+B6)^B5
```

५% महागाईने १,०५,७६,८५४ ची आजची किंमत ३१,२३,३७४ भरते. आज साधारण ३१ लाखांत जेवढं विकत घेता येतं, तेवढंच तेव्हाच्या एक कोटीत घेता येईल. निर्णय या आकड्यावर घ्या. पुढच्या सगळ्या प्रश्नांत मी ‘आजच्या किमतीत’ म्हणतो तेव्हा हेच अभिप्रेत आहे.

परताव्यातून महागाई वजा करून ४% दराने गणित करण्याचा सोपा मार्ग टाळा. खरा वास्तविक दर `=(1+B4)/(1+B6)-1` आहे आणि तो ३.८१% येतो. फरक लहान वाटला तरी २५ वर्षं चक्रवाढीने वाढत जातो. शिवाय बचतीचा हप्ता महागाईबरोबर वाढणार आहे की तेवढाच राहणार आहे, हा प्रश्नही त्या मार्गात झाकला जातो.

५. मग मी ३० लाख भरून आजच्या किमतीत ३१ लाखच मिळवले? एवढा खटाटोप कशासाठी?

ही तुलना बरोबर नाही. ३१ लाख हा आजच्या किमतीतला आकडा आहे, पण ३० लाख ही तीनशे महिन्यांत भरलेल्या वेगवेगळ्या काळातल्या पैशांची नुसती बेरीज आहे. शेवटच्या वर्षी भरलेल्या १०,००० ची आजची किंमत जेमतेम ३,००० असते. सगळे हप्ते आजच्या किमतीत आणायचे तर:

```
=PV((1+B6)^(1/12)-1,B5*12,-B3)
```

याचं उत्तर सुमारे १७.३ लाख येतं. म्हणजे १७.३ लाखांच्या त्यागातून ३१.२ लाख उभे राहिले. यातून हेही दिसतं की हप्ता कधीच वाढवला नाही, तर तुमची खरी बचत दरवर्षी घटत जाते. त्यावरचा उपाय पुढच्या प्रश्नात आहे.

६. पगार वाढेल तशी बचतही दरवर्षी वाढवणार आहे. `FV` मध्ये ते कुठे लिहायचं?

`FV` मध्ये त्याला जागा नाही, ते सगळे हप्ते समान धरतं. इथे वर्षाला एक ओळ असा तक्ता लागतो. ओळ १५ मध्ये A ते F ला ही शीर्षकं द्या: वर्ष, आरंभीची रक्कम, दरमहा बचत, परतावा, अखेरची रक्कम, आजच्या किमतीत. मग ओळ १६ मध्ये:

```
A16  1
B16  =B2
C16  =IF(A16="","",$B$3*(1+$B$7)^(A16-1))
D16  =IF(A16="","",$B$4)
E16  =IF(A16="","",FV((1+D16)^(1/12)-1,12,-C16,-B16))
F16  =IF(A16="","",E16/(1+$B$6)^A16)
```

ओळ १७ मध्ये फक्त A आणि B वेगळे लिहा:

```
A17  =IF(A16="","",IF(A16<$B$5,A16+1,""))
B17  =IF(A17="","",E16)
```

C ते F ओळ १६ मधून खाली ओढा. मग पूर्ण ओळ १७ पकडून ओळ ६५ पर्यंत ओढा. B5 मध्ये जितकी वर्षं असतील तितक्याच ओळी भरलेल्या दिसतील, बाकीच्या रिकाम्या राहतील. शेवटचं उत्तर वर आणा:

```
B12  =INDEX(E16:E65,B5)
B13  =INDEX(F16:F65,B5)
```

दरवर्षी ५% वाढ धरल्यावर B12 मध्ये सुमारे १,६३,४८,००० आणि B13 मध्ये सुमारे ४८.३ लाख येतात. स्थिर हप्त्याच्या ३१.२ लाखांशी तुलना करा. सुरुवातीचा हप्ता १०,०००च आहे, तो महागाईच्या बरोबरीने वाढत ठेवला एवढाच काय तो फरक.

हा तक्ता ५० वर्षांपुरता आहे. B5 मध्ये त्याहून मोठा आकडा टाकला तर B12 मध्ये `#REF!` दिसेल.

७. तक्ता बरोबर बांधला आहे हे कसं ओळखायचं?

B7 मध्ये तात्पुरतं 0% टाका. आता B12 आणि B10 तंतोतंत जुळले पाहिजेत, कारण वाढ नसली की तक्ता आणि एकच `FV` एकाच प्रश्नाचं उत्तर देतात. जुळले नाहीत तर बहुतेक वेळा एखादं डॉलर चिन्ह राहिलेलं असतं: `$B$3` ऐवजी B3 लिहिलं की खाली ओढताना तो संदर्भ सरकतो. पुन्हा 5% टाकल्यावर पहिल्या वर्षाअखेर १,२४,८७३ आणि दुसऱ्या वर्षाअखेर २,६७,२२८ आले, तर तक्ता नीट चालतो आहे.

८. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जातो. गणित बदलावं लागेल का?

हवं तर `FV` ला पाचवा आकडा 1 द्या: `=FV(B9,B5*12,-B3,-B2,1)`. स्थिर हप्त्याच्या उदाहरणात सुमारे ७६,००० वाढतात, म्हणजे पाऊण टक्क्याहून कमी. परताव्याच्या अंदाजातली अनिश्चितता याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे मी यात वेळ घालवत नाही.

९. परतावा किती टक्के धरावा?

एक आकडा धरूच नका, तीन धरा. आणि धराल तो परतावा खर्च, शुल्क आणि कर वजा जाता हातात उरणारा असू द्या.

H16, H17 आणि H18 मध्ये 7%, 9% आणि 11% लिहा. I15 मध्ये `=B13` लिहा आणि H15 रिकामा ठेवा. H15 ते I18 निवडून `Data > What-If Analysis > Data Table` उघडा. `Column input cell` मध्ये B4 द्या, `Row input cell` रिकामा सोडा. आजच्या किमतीत ७% ला सुमारे ३७.३ लाख, ९% ला ४८.३ लाख आणि ११% ला ६३.२ लाख दिसतील.

दोन टक्क्यांच्या फरकाने निधी एवढा हलतो, तेव्हा योजना ७% च्या ओळीवर आखावी आणि वरच्या दोन ओळी शक्यता म्हणून बघाव्यात, असं माझं मत आहे. महागाई जास्त धरायची असेल तर परतावा तोच ठेवून B6 बदलून बघा, चित्र त्याहूनही वेगाने बदलतं.

तीनही ओळींत एकच आकडा दिसत असेल तर `Formulas > Calculation Options` तपासा. तिथे डेटा टेबल वगळून गणना करण्याचा पर्याय निवडलेला असू शकतो. B4 त्याच शीटवर असणंही आवश्यक आहे.

१०. पण परतावा दरवर्षी सारखा कुठे मिळतो? सरासरी धरली तर चालेल ना?

पैसे एकदाच टाकून विसरायचे असतील, तर वर्षांचा क्रम मागेपुढे झाल्याने शेवट बदलत नाही. दरमहा भर घालणाऱ्याच्या बाबतीत क्रम फार महत्त्वाचा ठरतो. याच कारणासाठी तक्त्यात परताव्याला स्वतंत्र D कॉलम दिला आहे. एखाद्या वर्षी वेगळा परतावा तपासायचा तर त्या ओळीच्या D मधला फॉर्म्युला पुसून आकडा लिहा, आणि तो सेल वेगळ्या रंगाने रंगवा.

दोन प्रयोग करून बघा. पहिल्या वर्षी, म्हणजे D16 मध्ये -20% लिहा आणि बाकी सगळं ९% ठेवा. B12 सुमारे १.३ लाखांनी घटतो, कारण त्या वर्षी खात्यात नुकतेच काही हप्ते जमा झालेले असतात. आता D16 मध्ये मूळ फॉर्म्युला परत आणा आणि तेच -20% शेवटच्या वर्षी, D40 मध्ये लिहा. निधी १,६३,४८,००० वरून सुमारे १,२०,५३,००० वर येतो. घट जवळपास ४३ लाखांची. दोन्ही वेळा पंचवीस वर्षांची सरासरी तीच आहे.

म्हणून शेवटच्या पाचसहा ओळींत D चा आकडा कमी धरणं मला योग्य वाटतं. निवृत्ती जवळ आली की बहुतेक लोक पैसा कमी जोखमीच्या साधनांत हलवतात, आणि तिथे परतावाही कमीच असतो. लक्षात असू द्या: D मध्ये हाताने लिहिलेल्या ओळी B4 बदलल्यावर बदलत नाहीत, त्यामुळे प्रश्न ९ मधल्या टेबलचे आकडेही त्या ओळींपुरते स्थिर राहतील.

११. मध्ये दोन वर्षं बचत थांबवावी लागणार आहे. ते कसं दाखवू?

त्या वर्षांच्या C सेलमध्ये 0 लिहा. सहावं आणि सातवं वर्ष म्हणजे C21 आणि C22. आपल्या उदाहरणात त्या दोन वर्षांत न भरलेली रक्कम सुमारे ३.१४ लाख आहे, पण अखेरचा निधी १६ लाखांनी कमी होतो. आजच्या किमतीत ती घट पावणेपाच लाखांच्या आसपास आहे.

C चा फॉर्म्युला आधीच्या ओळीवर न बेतता वर्षाच्या क्रमांकावर का बेतला, ते इथे कळतं. `=C20*(1+$B$7)` असा लिहिला असता, तर एका ओळीतल्या शून्यामुळे पुढची सगळी वर्षं शून्य झाली असती. आत्ताच्या रचनेत आठव्या वर्षी हप्ता जणू खंड पडलाच नाही अशा पातळीवर परत येतो. तुमची बचत खालच्या पातळीवरूनच पुन्हा सुरू होणार असेल, तर पुढचे C सेलही हाताने भरा.

१२. माझी १७ वर्षं ७ महिने उरली आहेत. B5 मध्ये 17.58 लिहू का?

नको. B10 त्यावर चालेल, पण `INDEX` दशांश गाळून १७ व्या वर्षाची रक्कम दाखवेल, तीही कसलीही सूचना न देता. B5 मध्ये 18 लिहा आणि अठराव्या वर्षाच्या ओळीत (ओळ ३३) दोन बदल करा:

```
E33  =FV((1+D33)^(1/12)-1,7,-C33,-B33)
F33  =E33/(1+$B$6)^(17+7/12)
```

B12 आणि B13 आता बरोबर असतील. B10 आणि B11 मात्र पूर्ण १८ वर्षांचं उत्तर देत राहतील, तिकडे पाहू नका.

१३. उलट बाजूने विचारतो: आजच्या किमतीत ७५ लाख हवे असतील तर महिन्याला किती बचत करू?

`Data > What-If Analysis > Goal Seek` उघडा. `Set cell` मध्ये B13, `To value` मध्ये 7500000 आणि `By changing cell` मध्ये B3 द्या. B3 सुमारे १५,५३६ वर थांबेल. हा पहिल्या वर्षाचा हप्ता आहे, पुढे तो दरवर्षी ५% वाढत जाणार.

Goal Seek त्या क्षणापुरतं उत्तर काढून B3 मध्ये साधा आकडा ठेवतं. नंतर परतावा किंवा महागाई बदलली तर ते पुन्हा चालवावं लागतं. B3 मध्ये फॉर्म्युला असेल तर ते चालत नाही. बचत स्थिर राहणार असेल तर `PMT` ने आपोआप बदलणारं उत्तर मिळतं, पण गाठायची रक्कम भविष्यातल्या किमतीत द्यायला विसरू नका:

```
=-PMT(B9,B5*12,-B2,7500000*(1+B6)^B5)
```

१४. जमलेल्या निधीतून पुढे महिन्याला किती खर्च करता येईल?

निवृत्तीनंतर महागाई वजा जाता २% वास्तविक परतावा आणि २५ वर्षांचा काळ धरला तर:

```
=-PMT((1+2%)^(1/12)-1,25*12,B13)
```

४८.३ लाखांवर हे आजच्या किमतीत महिन्याला सुमारे २०,४०० येतात, आणि २५ वर्षांअखेर निधी संपतो. २% आणि २५ साठीही पिवळे सेल केलेत तर उत्तम. ७५ लाखांसारखं उद्दिष्ट अंदाजाने ठरवण्याऐवजी आधी इथे तुमचा मासिक खर्च तपासा आणि मग प्रश्न १३ कडे जा.

१५. आकडे विचित्र दिसतात: कधी `####`, कधी `1.2E+25`.

`####` म्हणजे कॉलम अरुंद आहे, रुंद करा. `E` असलेला प्रचंड आकडा आला तर B4 बघा: साध्या सेलमध्ये 9 लिहिलं तर एक्सेल ते ९००% धरतं. 9% लिहा.

लाख आणि कोटीनुसार स्वल्पविराम हवे असतील तर `Format Cells > Custom` मध्ये हे टाका:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

हा फॉरमॅट उणे आकड्यांना लाखांची मांडणी देत नाही, पण या शीटमध्ये अखेरच्या रकमा उणे येण्याचं कारण नाही. तशी रक्कम दिसलीच तर प्रश्न २ मधलं उणे चिन्ह तपासा.